ताटातलं डागी सोयाबीन

संजीवनीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. देऊळघाटात त्या वेळी मोबाइलचं नेट वेगात चालतं, आणि लाइट असलीच तर याच वेळी असते. तोंडावर पाणी मारून ती जुना लॅपटॉप उघडायची. तो बुलढाण्याच्या एका दुकानातून वापरलेला घेतला होता. त्याची बॅटरी मेलेली, त्यामुळे वायर भिंतीतून काढली की तोही मरायचा. सात वाजेपर्यंत शिकायचं, मग झाडलोट, भाकरी, डबा. नऊच्या काळीपिवळी जीपने बुलढाणा, आणि दिवसभर महादेवरावांच्या धान्याच्या अडतीवर शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहायच्या. माल किती, वजन किती, भाव काय, हमाली-तोलाई वजा जाता हातात किती. बी.कॉम. झालेल्या मुलीला यापेक्षा मोठं काम गावाकडे कोणी देत नाही, आणि तिने मागितलंही नव्हतं.

तिचा बाप इंद्रभान आयुष्यभर बाजार समितीत हमाल होता. पाठ गेली तेव्हा घरी बसला. आई कौशल्याबाई दुसऱ्यांच्या भाजीच्या वाफ्यात खुरपायला जायची. त्या घरात कॉम्प्युटरला शिकवता येतं ही गोष्ट कोणाला पटायला वर्ष गेलं.

"कॉम्प्युटर तुले शिकवते का तू त्याले?" इंद्रभानने एकदा विचारलं.

"मी त्याले, बाबा."

"मंग त्याची फी घे."

शिक्षण सगळं फुकटातलं. व्हिडिओ पाहायचे, थांबवायचे, लिहून घ्यायचे, चुकायचं. पहिला प्रोजेक्ट तिने अडतीवरच्या आवकेचा केला: कोणत्या आठवड्यात सोयाबीन किती येईल याचा अंदाज. तो बरा झाला. दुसरा केला पट्टीवरचे हाताने लिहिलेले आकडे वाचण्याचा. तो साफ आपटला, कारण महादेवरावांचा सात आणि एक माणसालाही वेगळा ओळखता येत नव्हता. तिसरा सोयाबीनचा.

सोयाबीनचा दाणा चांगला की डागी, हे फोटोवरून सांगायचं. डागी म्हणजे पावसात भिजलेला, काळे डाग पडलेला, बुरशी धरलेला. अशा मालाला भाव पडतो, आणि किती पाडायचा यावरून अडतीवर रोज भांडणं होतात. कॉम्प्युटरला शिकवायची पद्धत सोपी आहे, मेहनत मात्र अफाट. हजारभर फोटो काढायचे. प्रत्येकासोबत उत्तर द्यायचं: हे चांगलं, हे डागी. त्यातले काही झाकून ठेवायचे आणि परीक्षा त्या झाकलेल्यांवर घ्यायची.

दाणे निवडायला इंद्रभान बसला. पाठ भिंतीला टेकवून, पाय पसरून, दोन्ही बाजूंना दोन ढिगारे. तीन आठवडे तो दाणे निवडत होता. संजीवनी उजेड असेपर्यंत फोटो काढायची. चांगले दाणे ती स्टीलच्या ताटात पसरायची. ताटात उजेड छान पडायचा. पहिल्याच दिवशी ती डागी दाण्यांची मूठ त्याच ताटात टाकायला गेली आणि कौशल्याबाईने हात धरला.

"सडकं ताटात टाकतं का? जेवतो आपण त्याच्यात."

"धुऊन घेईन, माय."

"धुतल्यानं जाते का ते? पोत्यावर टाक."

ताट कौशल्याबाईच्या लग्नातलं. काठावर नाव घातलेलं: कौशल्याबाई. घरात एवढ्या एकाच भांड्यावर तिचं नाव होतं. संजीवनीने वाद घातला नाही. चांगले दाणे ताटात, डागी दाणे पोत्यावर, असे सगळे फोटो निघाले.

निकाल आला सत्त्याण्णव टक्के. झाकून ठेवलेल्या शंभर फोटोंतले सत्त्याण्णव बरोबर. त्या दिवशी तिने डबा उघडलाच नाही, भूकच लागली नाही.

बुलढाण्यात एक शेखर सर होते. त्यांचा कॉम्प्युटर क्लास. पूर्वी टायपिंग आणि टॅली शिकवायचे, आता दारावर 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' असं लिहिलं होतं. क्लासची फी संजीवनीच्या आवाक्याबाहेरची होती. पण प्रोजेक्ट कोणातरी जाणत्याला दाखवावा असं तिला फार वाटलं, म्हणून ती सगळं पेनड्राइव्हवर घालून गेली.

सरांनी पेनड्राइव्ह लावला, माउस खालीवर फिरवला.

"शिक्षण काय तुझं?"

"बी.कॉम., सर."

"मग टॅली कर, बाई. हे इंजिनीअर पोरांचं काम आहे. यूट्यूब पाहून कोणी डॉक्टर होतं का?" समोर बसलेली पोरं हसली. "ठेव पेनड्राइव्ह. वेळ मिळाला की बघतो."

आठवड्याने पेनड्राइव्ह परत मिळाला. बघितला का, हे तिने विचारलं नाही.

त्यानंतर दिवाळीच्या आधी, सोयाबीन जोरात येऊ लागलं तेव्हा, तिने आपलं काम अडतीवर आजमावलं. एका शेतकऱ्याचा माल आला होता, मोत्यासारखा. नमुन्याची मूठ पोत्यावर पसरली होती. तिने फोटो काढला. मोबाइलने उत्तर दिलं: डागी. दुसऱ्याचा माल: डागी. तिसऱ्याचा: डागी. महादेवराव मागून बघत होते.

"पोरी, तुह्या मशीनले माह्या अडतीवर ठेवू नको बापा," ते म्हणाले. "एका दिवसात जिल्ह्याचा भाव पाडीन ते."

हमालही हसले. पण हे हसणं वेगळं होतं, त्याने ती दुखावली नाही. ती खुर्चीवर येऊन बसली आणि तिला कॉलेजातली तेरीज, म्हणजे ट्रायल बॅलन्स, आठवली. तेरीज जुळली म्हणजे हिशोब बरोबर, असं नसतं. दोन्ही बाजूंना सारखीच चूक झाली असेल तर तेरीज तरीही जुळते. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला हे शिकवतात आणि परीक्षेनंतर सगळे विसरतात. तिचे सत्त्याण्णव टक्के हे अशाच जुळलेल्या तेरजेसारखे होते.

दुसऱ्या दिवशी साडेचारला उठून तिने एक काम केलं. फोटोंतले दाणे पुसून टाकले. नुसतं ताट आणि नुसतं पोतं ठेवलं, आणि कॉम्प्युटरला विचारलं. त्याने दाणे नसतानाही उत्तर दिलं: ताट दिसलं की चांगलं, पोतं दिसलं की डागी. त्याने सोयाबीन कधी पाहिलंच नव्हतं. तो ताट आणि पोतं ओळखायला शिकला होता. आणि झाकून ठेवलेले फोटोही त्याच ताटाचे आणि त्याच पोत्याचे, म्हणून परीक्षेत पास.

तिने सगळं पुन्हा केलं. इंद्रभान पुन्हा भिंतीला टेकून बसला. या वेळी प्रत्येक माल, चांगला असो की डागी, पोत्यावरही आणि पुठ्ठ्यावरही. ताट बादच केलं. एका पोत्यातल्या दाण्यांचे फोटो शिकवण्यात असतील तर त्याच पोत्यातले परीक्षेत घ्यायचे नाहीत, हाही नियम केला. निकाल आला एक्क्याऐंशी. मग बरीच खटपट करून शहाऐंशी. शहाऐंशी कमी दिसतात. पण अडतीवर ते टिकले.

हे चालू असतानाच एके दिवशी बसस्टँडजवळ तिने फ्लेक्स पाहिला. शेखर सरांचा क्लास, चार विद्यार्थ्यांचे हसरे फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरांत: आमच्या बॅचचा सोयाबीन प्रोजेक्ट, अचूकता ९७ टक्के. कोपऱ्यात सोयाबीनचा फोटो होता. ताटात पसरलेलं सोयाबीन. काठावर अर्धवट अक्षरं दिसत होती: कौशल्या.

काळीपिवळीवाला ओरडला, "ताई, येऊन राह्यली का नाई?" तेव्हा ती हलली. पण गाडीत न बसता सरळ क्लासवर गेली.

"सर, तो प्रोजेक्ट माहा आहे."

शेखर सरांनी वर पाहिलं. "कोणता?"

"फ्लेक्सवरचा. ताटावर माह्या मायचं नाव आहे."

"अगं, ताटं काय एकाच घरात असतात?" सर हसले, मग आवाज खाली आणला. "हे बघ. या क्षेत्रात प्रोजेक्ट कोणाच्या मालकीचा नसतो. सगळं ओपन असतं. माझ्या पोरांनी त्याच्यावर काम केलं. तू काय केलंस? फोटो काढले. फोटो तर लग्नातला फोटोग्राफरही काढतो."

तिच्या जिभेवर आलं होतं: सर, ते सत्त्याण्णव खोटे आहेत. एक वाक्य. ते ऐकलं असतं तर सरांनी त्याच दिवशी फ्लेक्स उतरवला असता, प्रोजेक्ट दुरुस्त केला असता आणि ते वाचले असते.

तिने ते वाक्य गिळलं.

"बरोबर आहे, सर," ती म्हणाली. "तुमचंच आहे. ठेवा."

घरी येऊन तिने बापाला सगळं सांगितलं. इंद्रभानने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं.

"तीन हप्ते निवडले मी दाणे," तो म्हणाला.

"हाव, बाबा."

"त्याच्या क्लासात जाऊन मारू का त्याले?"

"पाठ कोणाची मोडन?"

"माही," इंद्रभान म्हणाला. "पण थोडी त्याचीही."

"नाई, बाबा. तो चांगल्यापैकी पडला पायजे. त्याच्याच पायानं चालत जाऊन."

जानेवारीत पुण्याच्या एका कंपनीची जाहिरात निघाली. धान्याची प्रत फोटोवरून ठरवण्याचं काम करणारी कंपनी. सहा महिन्यांची इंटर्नशिप. पदवी कोणतीही चालेल, पण केलेलं काम दाखवा आणि सोबत पत्र लिहा. कव्हर लेटर म्हणतात त्याला. संजीवनीने नेटवरून नमुना उतरवला आणि इंद्रभानला मराठीत सांगितला: मी अत्यंत मेहनती, उत्साही आणि शिकण्याची तळमळ असलेली उमेदवार आहे.

"हे लिहून राह्यली तू?"

"सगळेच लिहितात, बाबा."

"हमालानं मुकादमाले म्हटलं, मी लई मेहनती आहे, तर मुकादम काय म्हणते? पोतं उचल म्हणते."

तिला ते पटलं, पण इंग्रजी पत्रात काय खोडावं आणि काय ठेवावं याची भीती वाटली. तिने नमुन्यातलंच पत्र पाठवलं. सोबत सोयाबीनच्या कामाचा दुवा जोडला: नवे फोटो, नवा निकाल, आणि तुलना करता यावी म्हणून जुने ताटातले फोटोही.

पाच दिवसांनी उत्तर आलं. वंदना नावाच्या बाईंनी लिहिलं होतं. दोन परिच्छेदांचं, थंड. तुमच्याच गावाकडून आणखी चार अर्ज आले आहेत. चौघांच्या प्रोजेक्टमधले फोटो आणि तुमचे जुने फोटो एकच आहेत. त्यांचा निकाल सत्त्याण्णव, तुमचा शहाऐंशी. काम मूळ कोणाचं, याचा खुलासा शुक्रवारपर्यंत करावा. अन्यथा पाचही अर्ज बाद समजले जातील.

संजीवनीने ते तीनदा वाचलं. निकाल कमी म्हणून चोर तीच दिसत होती. चांगलं काम चोरून बिघडवणारी.

मूळ फोटो तिच्या मोबाइलात होते, काढल्याच्या तारखेसह. ते पाठवले असते तरी तिची बाजू खरी ठरली असती. पण मग काय झालं असतं? शेखर सरांनी म्हटलं असतं, पोरांनी चुकून जोडलं, माफी असावी. फ्लेक्स तसाच राहिला असता. तिला नुसतं सुटायचं नव्हतं. तिला जिभेवरून गिळलेल्या त्या वाक्याची वसुली करायची होती.

त्यासाठी एक वस्तू हवी होती. डागी सोयाबीनचे फोटो, ताटात. त्याच ताटात.

कौशल्याबाई चुलीजवळ होती.

"माय, ताट पायजे. डागी सोयाबीन टाकाचं आहे."

"तुले सांगतलं न एकदा."

"माहीत आहे."

"मंग कायले विचारतं? दुसरं ताट घे बाजारातून."

"दुसरं नाई चालत. शेखर सरनं ज्या ताटाचे फोटो चोरले तेच पायजे." मग संजीवनीने मोबाइलवर फ्लेक्सचा फोटो उघडला, मोठा केला, आणि आईसमोर धरला. कौशल्याबाईला वाचता येत नव्हतं. पण आपलं नाव तिला अक्षरांच्या आकारावरून ओळखता यायचं. त्या ताटावर ते तिने वर्षानुवर्षं घासलं होतं.

"हे माहं नाव हाय?"

"हाव."

"स्टँडवर लावलं त्यानं? माह्या बापानं घातलेलं नाव?"

"हाव, माय."

कौशल्याबाई उठली. मांडणीवरून ताट काढलं, पदराने पुसलं, आणि लेकीच्या हातात दिलं.

"टाक त्याच्यात काय सडकं टाकाचं ते. पण मंग हे ताट पुन्हा जेवाले नाई. गोठ्यात ठीव."

संजीवनीने दहा फोटो काढले. पाच डागी दाण्यांचे, ताटात. पाच चांगल्या दाण्यांचे, पोत्यावर. इंद्रभानने दाणे असे निवडले की लहान पोरालाही फरक दिसावा. शेखर सरांकडे गेलेलं जुनं काम तिच्याकडेही होतंच. तिने ते या दहा फोटोंवर चालवलं. दहाच्या दहा चूक. काळ्या, बुरशीच्या सोयाबीनला ते चांगलं म्हणत होतं, तेही ठामपणे.

मग तिने दुसरं पत्र लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, पण मराठीत सांगायचं तर असं होतं:

"माननीय वंदना मॅडम, माझं पहिलं पत्र नमुन्यातून उतरवलेलं होतं. त्यात मी मेहनती आहे असं लिहिलं होतं. ते वाक्य काढून टाका.

मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. बुलढाण्याच्या एका अडतीवर पट्ट्या लिहिते. मशीन लर्निंग मी कोणत्याही क्लासात शिकले नाही. तीन प्रोजेक्ट केले. एक बरा झाला, एक फसला, तिसरा आधी फसला आणि मग सुधारला. तुम्हाला आलेले चार अर्ज त्या फसलेल्या प्रोजेक्टचे आहेत.

सत्त्याण्णव टक्के मीच काढले होते. ते खोटे आहेत. आमच्या घरी जेवायच्या ताटात खराब धान्य टाकत नाहीत. आईने टाकू दिलं नाही. म्हणून चांगले दाणे ताटात आणि डागी दाणे पोत्यावर ठेवून मी फोटो काढले. मॉडेल दाणे शिकलं नाही, ताट शिकलं. दाणे पुसून नुसतं ताट दाखवलं तरी ते 'चांगलं' म्हणतं. तो प्रयोग सोबत जोडला आहे. दुसऱ्या वेळी मी हे दुरुस्त केलं, आणि एका पोत्यातले फोटो शिकवण्यात आणि परीक्षेत असे दोन्हीकडे येऊ दिले नाहीत. निकाल शहाऐंशी आला. हे शहाऐंशी अडतीवर तपासलेले आहेत. लहान आणि हिरवट दाण्यांत ते अजून चुकतं.

वाणिज्य शाखेत आम्हाला शिकवतात की तेरीज जुळली म्हणून हिशोब बरोबर ठरत नाही. मला या कामात सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट तीच आहे.

मूळ काम कोणाचं हे फोटोंच्या तारखांवरून ठरवता येईल; त्या मी देऊ शकते. पण माझी विनंती वेगळी आहे. सोबत दहा फोटो जोडले आहेत. ते पाचही उमेदवारांना द्या. प्रत्येकाला आपलं मॉडेल त्यांच्यावर चालवायला सांगा, आणि एवढंच विचारा: असं का झालं? ज्याने काम केलं त्याला चूक माहीत असते. ताटाच्या काठावर नाव आहे, ते माझ्या आईचं आहे."

गुरुवारी सकाळी पत्र गेलं. शनिवारी पाचही जणांना कंपनीचा मेल आला: दहा फोटो जोडले आहेत, सोमवारी ऑनलाइन मुलाखत.

रविवारी दुपारी प्रतीक्षा आली. देऊळघाटचीच, दोन गल्ल्या पलीकडची. फ्लेक्सवरच्या चार चेहऱ्यांतली एक. तिच्या हातात मोबाइल होता.

"संजूताई, ते दहा फोटो आले न तुले?"

"आले."

"आमचं सगळं उलटंच सांगून राह्यलं. काऊन होऊन राह्यलं असं?"

संजीवनी तांदूळ निवडत होती. ती थांबली नाही. "प्रोजेक्ट कोणाचा हाय, प्रतीक्षा?"

प्रतीक्षाने खाली पाहिलं. "सरनं देल्ला सगळ्याईले. म्हणे हाच लावा."

"ताट कोणाचं हाय ते दिसलं नाई तुले? तू तं जेवली आहे त्या ताटात आमच्या घरी, शेजारच्या मनकर्णाबाईच्या पोरीच्या साखरपुड्याच्या दिवशी."

"दिसलं," प्रतीक्षा हळूच म्हणाली.

"मंग बोलली काऊन नाई?"

"फी भरली होती न, ताई."

"ज्याले फी देल्ली त्यालेच विचार मंग," संजीवनी म्हणाली. "मी फुकट शिकली. मले शिकवता येत नाई."

प्रतीक्षा आली तशी गेली. इंद्रभानने आतून सगळं ऐकलं होतं. "सांगून देलं असतं तं तुहं काय जात होतं?" असं तो विचारील म्हणून संजीवनी वाट बघत होती. त्याने विचारलं नाही. तो म्हणाला, "तांदळात खडे लई दिसतात." आणि येऊन निवडू लागला.

सोमवारची मुलाखत तासभर चालली. संजीवनीचं इंग्रजी अडखळलं तेव्हा वंदना मॅडम मराठीत आल्या. त्यांनी हिरवट दाण्यांचं विचारलं, नव्या फोटोंचं विचारलं, दाणे पुसण्याचा प्रयोग सुचला कसा तेही विचारलं. शेवटी त्या हसल्या.

"तुम्हाला एक सांगते. 'असं का झालं' याला बाकी चौघांनी एकच उत्तर दिलं. अगदी शब्दाला शब्द. म्हणे, प्रकाशयोजनेचा दोष."

"सर तसंच सांगतात," संजीवनी म्हणाली.

"कोण सर?"

"आहेत एक. फ्लेक्सवर त्यांचा नंबर आहे."

निवडीचं पत्र मंगळवारी आलं. बातमी बुधवारी अडतीवर, आणि गुरुवारी शेखर सर देऊळघाटात. पांढरी गाडी, सोबत क्लासमधला एक पोरगा कॅमेरा घेऊन, हातात पेढ्यांचा पुडा आणि शाल.

"इंद्रभानजी, अभिनंदन!" सर दारातूनच म्हणाले. "आपल्या जिल्ह्याचं नाव काढलं पोरीनं. क्लासतर्फे छोटासा सत्कार. तशी ती आमचीच विद्यार्थिनी. पहिलं मार्गदर्शन घ्यायला माझ्याकडेच आली होती. हो ना, संजीवनी? तुझा एक फोटो हवा होता, फ्लेक्ससाठी."

इंद्रभानचा हात भिंतीवरून सरकला. संजीवनीने त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली: थांबा.

"बसा, सर," आतून कौशल्याबाई म्हणाली. "आल्यासारखे पोहे खाऊन जा."

सर खाटेवर बसले. पोऱ्याला पुठ्ठ्याच्या डिशमध्ये पोहे मिळाले. सरांना मान म्हणून ताटात. भरपूर पोहे, वरून शेव, बाजूला लिंबू. सर खात होते आणि बोलत होते: पुण्याला जाणारी पुढची बॅच, जिल्ह्यातली हुशारी, ग्रामीण भागाचं भविष्य.

"ते सत्त्याण्णव टक्क्यांचं काय झालं, सर?" संजीवनीने विचारलं.

"ते होतं असं. लाइटिंगचा प्रॉब्लेम. आता सुधारून घेऊ. तूच ये ना एक दिवस क्लासला, पोरांना सांग. मानधन देऊ."

पोहे संपत आले. चमचा काठाला लागला. सरांनी खाली पाहिलं आणि त्यांना अक्षरं दिसली. कौशल्याबाई. फ्लेक्सवर दिसत होती तशीच, आता पूर्ण. त्यांचा हात थांबला.

"लाइटिंग बरोबर हाय का, सर?" इंद्रभान म्हणाला. "का खिडकी उघडू?"

"पोहे चांगले झाले न?" कौशल्याबाईने दारात येऊन विचारलं. "त्या ताटात आम्ही जेवत नाई आता. डागी माल ठेवला होता त्याच्यात, तवापासून गोठ्यातच असते. आज तुमच्यासाठी काढलं."

कॅमेरावाला पोरगा हसू दाबायला बाहेर गेला. सर उठले. शाल खाटेवरच राहिली, पेढेही. गाडी वळवताना त्यांनी शेजारच्याच्या कुंपणाला घासली, आणि शेजाऱ्याने जे म्हणायचं ते म्हटलं.

फेब्रुवारीत संजीवनी पुण्याला गेली. तिथंही ती साडेचारला उठायची. खोलीतल्या पोरी वैतागायच्या. आठ तास काम, त्यातला अर्धा वेळ दुसऱ्यांनी काढलेल्या फोटोंतली ताटं आणि पोती शोधण्यात. कंपनीत तिच्या नावाने एक म्हणच पडली होती. कोणाचा निकाल फार चांगला आला की वंदना मॅडम विचारायच्या, "ताट बघितलं का?"

पहिल्या महिन्याचा पगार आला. मेस आणि खोलीचं भागवलं. कौशल्याबाईसाठी तिने नवं ताट घेतलं आणि दुकानात उभं राहून नाव घालून घेतलं, या वेळी जुन्याहून मोठ्या अक्षरांत. मग सुट्टी काढून ती बुलढाण्याला आली आणि फ्लेक्सवाल्याकडे गेली.

"वाढदिवस हाय का कोणाचा, ताई?"

"नाई. ताट छापाचं हाय."

फ्लेक्सवाल्याने पेनड्राइव्ह लावला, फोटो बघितला, तिच्याकडे बघितलं. "हे सोयाबीन तं सडेल हाय."

"म्हणूनच छापाचं हाय."

नगरपालिकेत जाऊन तिने रीतसर परवानगी काढली, पावती घेतली. शेखर सरांच्या फ्लेक्सला परवानगी नव्हती, पण तो अजून तिथंच होता. उन्हाने चौघांचे चेहरे पिवळे पडले होते, सत्त्याण्णव मात्र लालभडक. परीक्षा संपून नव्या प्रवेशांची गर्दी सुरू होण्याच्या आठवड्यात, बरोबर त्याच्या समोर, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, संजीवनीचा फ्लेक्स लागला. आकार तेवढाच. कोणाचं नाव नाही, क्लासचं नाही. मध्ये ताटात काळं, बुरशीचं सोयाबीन. काठावर कौशल्याबाईचं नाव. वर लिहिलं होतं: "समोरच्या ९७ टक्क्यांना विचारा, हा माल कसा आहे. ते म्हणतील, चांगला." आणि खाली, दुरून वाचता येईल अशा अक्षरांत, एकच शब्द: "काऊन?"

पहिल्या दिवशी लोक नुसते थांबून हसले. दुसऱ्या दिवशी एक बाप मुलाला घेऊन क्लासवर गेला, फीचं विचारलं, आणि मग खिडकीतून बोट दाखवून म्हणाला, "सर, काऊन?" नंतर जो आला त्याने तेच विचारलं. फ्लेक्स पंधरा दिवस होता. संजीवनीच्या पहिल्या पगारातलं उरलेलं सगळं त्यात गेलं, आणि तिला त्यातला एक रुपयाही परत नको होता.